प्रत्येक मेसेजखाली लिंबू : मुलांच्या ग्रुपमधल्या इमोजींचा अर्थ लावायचा कसा?

मेघना_मुलुंड | सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसतं वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय. घरात दोन आठवडे जे चाललंय ते एकटीने निस्तरणं मला जमत नाहीये.

मुलगा सातवीत, साडेबारा वर्षांचा. वरणभातावर लिंबू पिळल्याशिवाय याचा घास उतरायचा नाही. मागच्या महिन्यात एके रात्री त्याने ताटातली लिंबाची फोड बोटाने हळूच ताटाबाहेर सरकवली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "आई, मला लिंबू वाढत जाऊ नकोस ना," आणि डोळे भरले त्याचे. मी म्हटलं दात आंबले असतील.

वर्गातल्या मुलांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, ३८ जणांचा. हा बाबांच्या जुन्या फोनवरून त्यात आहे. त्या रविवारी तो झोपल्यावर मी ग्रुप उघडला. (न विचारता उघडला, ते चुकलं असेल तर सांगा.) शिवी एकही नाही. धमकी नाही. त्याने विचारलेलं, "उद्या विज्ञानाची वही न्यायची आहे का?" कुणी उत्तर दिलेलं नाही, खाली फक्त 🍋 आणि आकडा ११. त्याने आजोबांच्या वाढदिवसाच्या केकचा फोटो टाकलेला, खाली 🍋. कुणीतरी क्रिकेटच्या टीमसाठी पोल टाकला होता, त्यात सगळ्यांची नावं आणि याच्या जागी नुसतं 🍋. तो ज्या चौघांच्या स्क्वाडमध्ये गेम खेळतो, त्यातल्या बाकी तिघांनी स्वतःच्या नावापुढे लिंबू लावलंय.

मग हळूहळू कळलं. डिसेंबरमध्ये शाळेची सहल कार्ल्याला गेली होती. बोरघाटात याला बस लागली, उलटी झाली, शेजारच्या मुलाच्या बुटांवर उडाली. बाईंनी हुंगायला लिंबू दिलं. एवढंच.

आमच्या पालकांच्या ग्रुपवर एक तक्ता फिरतोय, 'इमोजींचे छुपे अर्थ', चाळीसेक चिन्हं आहेत. रात्री बारापर्यंत वाचला. त्यात लिंबू नाही. म्हणून दोन प्रश्न. अशी पूर्ण आणि ताजी यादी कुठे मिळेल? आणि मी शाळेत जाऊ, की थेट त्या मुलांच्या आयांशी बोलू?

---

पार्लेकर | सोमवार, रात्री १०:५८

फोन काढून घ्या. साडेबारा वर्षांच्या मुलाला व्हॉट्सॲप हवंच कशाला? त्यांच्याच नियमात किमान वय १३ आहे.

---

बंड्या_गिरगाव | सोमवार, रात्री ११:२०

ताई, काळजी समजते, पण मला वाटतं तुम्ही जास्त मनावर घेताय. आमच्या चाळीत मला आठ वर्षं 'डबडा' म्हणायचे. एकाला 'पाल' म्हणायचे. आज आम्ही सगळे जिगरी दोस्त आहोत. चिडवणं असतंच, मुलगा थोडा घट्ट व्हायला हवा.

---

सविता_ठाणे | सोमवार, रात्री ११:३५

त्या तक्त्यावर अजिबात जाऊ नका, माझा अनुभव ऐका. मुलाच्या मेसेजखाली 💀 दिसली, तक्त्यात 'मृत्यू, धमकी' लिहिलेलं. मी दुसऱ्या दिवशी कामावर दांडी मारून शाळेत. मुख्याध्यापिकांसमोर त्या मुलाला बोलावलं तर तो रडायलाच लागला. 💀 म्हणजे 'हसून हसून मेलो'. माझ्या मुलाच्या विनोदाला दिलेली दाद होती ती! मुलगा पंधरा दिवस माझ्याशी धड बोलला नाही, आणि आता फोनमधलं काहीही मला दाखवत नाही. ते नुकसान अजून भरून निघालेलं नाही.

---

अण्णा_दादर | मंगळवार, सकाळी ६:१०

या इमोजींचा मलाही फार त्रास आहे. परवा एका स्नेह्याच्या पत्नीच्या निधनाची बातमी ग्रुपवर आली, ती वाचताना बोट लागून हसण्याचं चिन्ह गेलं. तीन तासांनी सुनेने दाखवलं. ही चित्रांची पट्टी फोनमधून कायमची घालवता येते का?

---

समुपदेशक_मानसी | मंगळवार, सकाळी ९:०५

अण्णा, पट्टी काढता येत नाही, पण त्याच मेसेजवर बोट दाबून धरून आपल्याच चिन्हावर परत टॅप केलं की ते निघून जातं. ही गोष्ट मेघनाताईंच्याही उपयोगाची आहे, म्हणून खाली पुन्हा सांगते.

मेघनाताई, गेली बरीच वर्षं मी शाळांमध्ये समुपदेशनाचं काम करते. यादी शोधण्यात वेळ घालवू नका. काही अर्थ सगळीकडे चालतात हे खरं. 🐍 म्हणजे दगाबाज, 🧢 म्हणजे थापा, 🤡 आणि 🤓 टिंगलीसाठी, 🌽 हे अश्लील व्हिडिओंचं टोपणनाव. पण मुलाला खरी जखम करणारं चिन्ह बहुतेक वेळा त्याच वर्गात, त्याच एका प्रसंगातून जन्माला आलेलं असतं. तुमच्याकडे लिंबू, दुसऱ्या एका वर्गात मी 🪑 पाहिलं होतं, कारण एक मुलगी खुर्चीवरून पडली होती. यादी करणाऱ्याला तुमच्या सहलीची बस कुठून माहीत असणार?

मी चिन्ह न बघता ते कुणाच्या मेसेजखाली पडतंय ते बघते. एक साधी तुलना करा. तुमच्या मुलाने विज्ञानाच्या वहीबद्दल विचारलं, तसाच प्रश्न दुसऱ्या कुणीतरी कधीतरी विचारला असेलच. त्याला काय मिळालं? त्याला "हो, आणि जर्नल पण" असं उत्तर मिळालं असेल आणि तुमच्या मुलाला अकरा लिंबं, तर अर्थ तुमच्यासमोर आहे. मग बघा, टाकणारे तेच ते चार-पाच जण आहेत का, आणि मेसेज गेल्यावर किती पटकन पडतात. सविताताईंची 💀 विनोदाखाली होती म्हणून ती दाद ठरली. तीच 💀 एखाद्या मुलीच्या प्रत्येक फोटोखाली रोज त्याच चौघांकडून पडली असती तर मी वेगळं बोलले असते.

बंड्यादादांना एकच विचारते. चाळीतल्या सगळ्यांनाच नावं होती ना? तुम्हाला 'डबडा', पण तुम्हीही कुणाला तरी 'पाल' म्हणायचात. इथे ३८ जणांत एकालाच नाव आहे. आणि चाळीतलं चिडवणं दिवे लागले की थांबायचं. हे चिडवणं त्याच्या उशाशी झोपतं.

आता पुरावा, कारण इथेच पालक फसतात. मेसेजखालचं चिन्ह ही व्हॉट्सॲपची रिॲक्शन, ती २०२२ मध्ये आली. पालक `Export chat` करून प्रिंट काढतात आणि शाळेत नेतात. त्या फाइलमध्ये मेसेज असतात, रिॲक्शन उतरतच नाहीत. म्हणजे कागदावर तुमच्या मुलाचे नुसते प्रश्न आणि शांतता दिसेल. शिवाय अण्णांना सांगितलं तसं टाकणारा ते कधीही काढू शकतो, मागे खूण राहत नाही. म्हणून आजच, त्या ११ आकड्यावर टॅप करा, कुणी टाकलं त्यांची नावं खाली उघडतात, त्याचा स्क्रीनशॉट घ्या. मेसेज आणि वरची तारीख दिसेल असा दुसरा घ्या. नावं नंबरांच्या रूपात दिसत असतील तर नंबर दिसू द्या. ग्रुपमध्ये मेसेज आपोआप पुसले जाण्याची सोय लावलेली आहे का तेही बघा, ती २४ तासांचीही असू शकते. हे सगळं मुलाला सांगून, त्याच्या शेजारी बसून करा.

आणि ग्रुप सोडायला लावू नका, निदान लगेच तरी. गृहपाठ तिथेच येतो. ग्रुप म्यूट करून अर्काइव्हमध्ये टाका, दिवसातून एकदा तुम्ही दोघं मिळून उघडा.

---

पार्लेकर | मंगळवार, सकाळी ९:४०

सगळं ठीक, पण फोनच नसता तर? मी मुलीच्या फोनवर पालकांचं ॲप घातलंय, सगळं दिसतं मला.

---

समुपदेशक_मानसी | मंगळवार, सकाळी १०:०२

पार्लेकर, मुलगी आठ-नऊ वर्षांची असेल तर माझी हरकत नाही. पण तेराव्या-चौदाव्या वर्षी मूल दुसरा फोन शोधतं, मैत्रिणीचा वापरतं. आणि तुमच्या ॲपला लिंबू दिसलं असतं तर त्याने काय कळवलं असतं? फोन काढून घेतला तर मुलाला वाटतं, मी सांगितलं म्हणून मलाच शिक्षा झाली. पुढच्या वेळी तो सांगत नाही.

---

पार्लेकर | मंगळवार, सकाळी १०:१५

पटत नाही. असो.

---

स्क्वाड_वाइप | मंगळवार, दुपारी १:३०

मी २२ वर्षांचा, बोरिवलीचा. आठवीपासून गेम खेळतोय, त्यामुळे गेमच्या बाजूचं मी सांगतो.

गेमच्या चॅटमध्ये शिवी टाइप केली की फुल्या येतात, कारण फिल्टर शब्द ओळखतो. लिंबू, बटाटा, डुक्कर ही चित्रं बहुतेक ठिकाणी अडत नाहीत. म्हणून सगळं चित्रांत, नावांत आणि इमोटमध्ये सरकलंय. इमोट म्हणजे आपल्या खेळाडूला नाचायला, हसायला लावायचं ते. जिंकल्यावर नाचणं चालतंच, ते मनावर घेऊ नका. पण स्वतःच्याच टीममधला पडला, रांगत मदत मागतोय, आणि बाकी तिघं त्याला उचलायचं सोडून भोवती उभे राहून नाचतायत, हे मी पाहिलंय. माझ्याबरोबर झालंय, नववीत असताना. मला वाटायचं माझाच खेळ खराब आहे. म्हणून रात्री दोन-दोन वाजेपर्यंत प्रॅक्टिस करायचो. घरी सगळ्यांना वाटलं गेमचं व्यसन लागलं.

मेघनाताई, दोन गोष्टी बघा. तुमच्या मुलाला ते टीममध्ये घेतात आणि मॅच सुरू झाल्यावर मुद्दाम सोडून देतात का? आणि त्याच्या मॅचेस हल्ली एक-दोन मिनिटांतच संपतायत का? मॅच हिस्टरीत किती वेळ टिकला ते दिसतं. बाकी तिघं १८ मिनिटं आणि हा रोजच २ मिनिटं, असं असेल तर तो खेळत नाहीये, त्याला खेळवतायत.

रिपोर्टचं बटण आहे, पण नुसतं एक लिंबू रिपोर्ट करून काही होत नाही. तपासणाऱ्याला ते फळच दिसतं. पण नावाचा आणि प्रोफाइलचा रिपोर्ट वेगळा असतो. तिघांची नावं एका स्क्रीनवर, त्याच मॅचची तारीख आणि चॅट, असं एकत्र दिलंत तर निदान कुणीतरी बघेल. खात्री नाही देत.

---

मेघना_मुलुंड | मंगळवार, दुपारी ३:१५

मॅच हिस्टरी बघितली. बाकी तिघांचे २०, १७, २२ मिनिटं. याचे ३, २, २, ४. मी स्वयंपाकघरात जाऊन बसले थोडा वेळ.

---

कायदेशीर_कट्टा | मंगळवार, संध्याकाळी ६:२०

सरळ सायबर पोलिसांत जा. आयटी कायद्याचं कलम ६६अ आहे, त्रासदायक मेसेजसाठी तीन वर्षं शिक्षा. ग्रुप ॲडमिनवरही केस होते, ॲडमिन जबाबदार असतो. एक नोटीस गेली की सगळे सरळ येतात.

---

शिवडी_वकील | मंगळवार, संध्याकाळी ७:००

६६अ कलम सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्येच रद्द केलं. आणि ग्रुपमधल्या दुसऱ्या सदस्याच्या मेसेजसाठी ॲडमिनला नुसता तो ॲडमिन आहे म्हणून गुन्हेगार धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलंय. आणि मुळात इथे दोन्ही बाजूंना बारा वर्षांची मुलं आहेत. लिंबासाठी पोलीस स्टेशन हा रस्ता नाही.

पण काही गोष्टी चिडवण्याच्या पलीकडच्या असतात. कुणी फोटो मागितला, फोटो फिरवला, इमोजींमधून लैंगिक काही सुचवलं, विशेषतः समोरचा गेममधला अनोळखी मोठा माणूस असेल, तर तो पोक्सो आणि आयटी कायदा ६७ब चा विषय होऊ शकतो. तिथे शाळेच्या मीटिंगची वाट पाहू नये. चॅट पुसू नये, ब्लॉक करण्याआधी प्रोफाइलचा स्क्रीनशॉट घ्यावा, आणि cybercrime.gov.in वर तक्रार करावी किंवा मुलांसाठीच्या १०९८ या हेल्पलाइनला फोन करावा. १९३० हा नंबर मुख्यतः पैशाच्या फसवणुकीसाठी आहे, लोक दोन्हींची गल्लत करतात.

---

समुपदेशक_मानसी | मंगळवार, संध्याकाळी ७:२५

याला जोडून एवढंच, की मुलाला कुणी 'मर' अशा अर्थाचं काही पाठवत असेल, म्हणजे kys ही तीन अक्षरं, किंवा दोर-गोळ्यांची चित्रं, आणि मूल गप्प गप्प होत असेल, झोप उडाली असेल, तर त्याच दिवशी त्याला थेट विचारा. विचारल्याने डोक्यात काही भरत नाही. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं.

---

कांचन_कांजूर | मंगळवार, रात्री १०:५०

लिहू की नको असं कालपासून चाललंय. माझी मुलगी दुसऱ्या बाजूला होती.

तिच्या वर्गात एका मुलीला 🐘 टाकायचे. मला शाळेतून फोन आला तेव्हा मी बाईंशी भांडले, माझी मुलगी असं करणारच नाही म्हणून. घरी येऊन तिला विचारलं. ती म्हणाली, "मी काही लिहिलं नाही आई, मी फक्त टॅप केलं. आधीच नऊ होते." तिला खरंच वाटत होतं की दहावा टॅप म्हणजे काहीच नाही. आणि टाकला नाही तर उद्या माझ्या फोटोखाली पडेल ही भीती.

मी तिला त्या मुलीच्या जागी बसून तो ग्रुप वाचायला लावला. सगळे मेसेज सोडून द्यायचे, फक्त त्या मुलीचे मेसेज आणि त्यांच्याखाली काय पडलं ते मोठ्याने वाचायचं, महिन्याभराचं. पाचव्या मेसेजला तिचा आवाज बसला. मेघनाताई, त्या अकरा जणांपैकी आठ-नऊ माझ्या मुलीसारखे असतील. त्यांच्या आयांशी भांडू नका एवढंच सांगायचं होतं, माझ्यासारख्या त्या आधी नाहीच म्हणतील.

---

बंड्या_गिरगाव | मंगळवार, रात्री ११:१५

कांचनताई, हे वाचून गप्प झालो. पाल म्हणायचो त्याला मी गेल्या वीस वर्षांत भेटलेलो नाही. 'सगळे जिगरी दोस्त' असं वर लिहिलं, त्यात तो नाहीये.

---

मेघना_मुलुंड | शुक्रवार, रात्री ९:३०

बिघडलं. नवऱ्याचा संताप अनावर झाला आणि त्याने बुधवारी रात्री पालकांच्या ग्रुपवर लिहिलं, "कृपया आपल्या मुलांना लिंबू टाकणं बंद करायला सांगा." एका आईने हसण्याचं चिन्ह टाकलं, एकीने "मुलंच ती" म्हटलं. गुरुवारी सकाळी मुलांच्या ग्रुपवरची सगळी लिंबं गायब. मला हायसं वाटलं. दुपारी मुलगा घरी आला तो दप्तर फेकून आत. याच्या मेसेजखाली आता 🟡. नुसता पिवळा गोल. आणि याच्याशिवायचा एक नवा ग्रुपही निघालाय, ३७ जणांचा, एका मैत्रिणीने सांगितलं.

स्क्रीनशॉट मंगळवारीच घेतलेले होते हे एकच बरं.

---

स्क्वाड_वाइप | शुक्रवार, रात्री ९:४८

मोठ्यांना चिन्ह कळलं की ते चिन्ह मेलं, हा नियमच आहे. उद्या पिवळा गोल सांगाल तर पिवळं हार्ट येईल.

---

वर्गशिक्षिका_भांडुप | शनिवार, सकाळी ११:००

मेघनाताई, मी माध्यमिकला २६ वर्षं शिकवते, म्हणून शाळेच्या बाजूने सांगते.

पालक येतात आणि वीस मिनिटं फोन वर-खाली सरकवत बसतात. आम्हाला काही कळत नाही, आणि मग "हे शाळेबाहेरचं आहे" म्हणणं सोपं जातं. तुम्ही एक पानच न्या. डाव्या बाजूला तुमच्या मुलाचा मेसेज आणि त्याला मिळालेलं, उजव्या बाजूला तसाच दुसऱ्या मुलाचा मेसेज आणि त्याला मिळालेलं. तारखेसकट असे तीन जोड पुरे. खाली पोलचा फोटो, आणि आधीचं लिंबू व नंतरचा पिवळा गोल शेजारी शेजारी, टाकणाऱ्यांच्या नावांसह. चिन्ह बदललं आणि नावं तीच राहिली, हा तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा आहे. तुमच्या यजमानांच्या मेसेजमुळेच तो हाती लागलाय, त्यांना दोष देऊ नका.

शाळेने "ग्रुप आमचा नाही" म्हटलं तर सहल शाळेची होती हे सांगा, वर्ग शाळेचा आहे. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. शासनाच्या २०२२ च्या निर्णयानुसार शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असायला हवी, तिचं नाव घेऊन विचारा.

आणि बाईंना एक विनंती जरूर करा, वर्गात उभं राहून लिंबाचा उच्चार करू नका म्हणावं. माझ्या हातून ही चूक झालीय. सातवी 'ब' मधलं एक नाव मी रागावून वर्गात घेतलं, मधल्या सुट्टीपर्यंत ते 'अ' आणि 'क' मध्ये पोचलं होतं. हल्ली मी एकेकाला वेगळं बोलावते, सगळ्यांना एकाच तासात म्हणजे बाहेर जाऊन जुळवाजुळव करायला वेळ मिळत नाही. सुरुवात करणाऱ्याला शेवटी. आधी नुसते टॅप करणारे. त्यांना "तू का केलंस" विचारत नाही, "त्या मुलाचं सध्या कसं चाललंय असं तुला वाटतं" एवढं विचारते. बहुतेक वेळा मूल स्वतःच सांगतं, "बाई, त्याला वाईट वाटतंय." मग विचारते, "सोमवारपासून तू काय करू शकतोस?" एक म्हणतो मी टाकणार नाही, एक म्हणतो मी त्याच्या प्रश्नाला उत्तर देईन. हे दुसरं महत्त्वाचं. चिन्ह थांबलं आणि उत्तरही मिळालं नाही, तर मूल तितकंच एकटं राहतं.

प्रत्येक वेळी जमतं असं नाही. सुरुवात करणारा मुलगा घरातूनच तसं शिकून आलेला असेल तर माझे हात टेकतात.

---

मेघना_मुलुंड | पुढचा गुरुवार, रात्री १०:२०

पान केलं. मुलानेच बसून जोड शोधले, मला सापडले नसते असे दोन त्याने काढले. एकदा याने आणि दुसऱ्या मुलाने अगदी तोच प्रश्न चार मिनिटांच्या अंतराने विचारला होता, "पीटीचे कपडे की युनिफॉर्म?" त्याला तीन उत्तरं, याला सहा लिंबं. ते पान बघून तो म्हणाला, "म्हणजे मला उगाच वाटत नव्हतं."

शाळेने आधी ग्रुप खाजगी आहे असंच सांगितलं. लेखी अर्ज दिल्यावर वर्गबाईंनी सात मुलांना वेगवेगळं बोलावलं. पाच जणांनी थांबवलंय. एक मुलगा परवा याच्याबरोबर डबा खायला बसला. ज्याच्या बुटांवर उडालं होतं, त्याची आई मात्र फोन उचलत नाही आणि गेममधलं त्याचं नाव अजून पिवळंच आहे. त्या ३७ जणांच्या ग्रुपचं काय करायचं मला कळत नाही, शाळेलाही नाही.

गेम सोडावा असं मला वाटतं, त्याला नाही. यावर आमचं एकमत नाही.

---

स्क्वाड_वाइप | पुढचा गुरुवार, रात्री १०:३५

त्याला हवं असेल आणि तुमची हरकत नसेल, तर बोरिवलीत माझा धाकटा मावसभाऊ आहे, तेरा वर्षांचा. त्यांच्या स्क्वाडमध्ये चौथा कमी आहे. आधी तुम्ही माझ्या मावशीशी फोनवर बोला, मग बघू.

---

मेघना_मुलुंड | पुढचा गुरुवार, रात्री १०:४१

मावशींचा नंबर व्यक्तिगत निरोपात द्याल का?

---

नवीन_सदस्य_डोंबिवली | शुक्रवार, सकाळी ८:१५

धागा आत्ताच सापडला. माझ्या मुलीच्या नृत्याच्या क्लासच्या ग्रुपवर सगळ्या मुली 🦆 टाकतात. याचा वाईट अर्थ आहे का? कुणाला माहीत आहे?

---

कांचन_कांजूर | शुक्रवार, सकाळी ८:३२

सगळ्या सगळ्यांना टाकतात, की सगळ्या एकीलाच? आधी ते बघून सांगा.